भात रात्रीपर्यंत कुकरमध्येच गरम ठेवावा, की पसरून फ्रीजमध्ये टाकावा?

घरात जेवणाच्या वेळा जुळत नसल्या की हा प्रश्न येतोच. आमच्याकडे ग्वाल्हेरला, लश्कर भागात, बाराच्या सुमारास भात होतो. आई-बाबा एकला जेवतात, मुलगा क्लासहून चारला येतो आणि मी दुकान बंद करून यायला नऊ वाजतात. भात दोनदा लावायचा नसेल तर दोनच मार्ग उरतात. एक, इलेक्ट्रिक कुकर ‘वॉर्म’वर सोडून द्यायचा. दुसरा, दुपारची पानं उठली की उरलेला भात झटपट निववून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि लागेल तसा गरम करायचा. मी दोन्ही केलं आहे.

आधी भीती कशाची, ते सांगतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात 60 अंशांच्या वर राहिला तर ते गप्प पडून असतात. त्याखाली, विशेषतः 30 ते 40 अंशांच्या आसपास, ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होऊ शकतात. पुन्हा कितीही उकळलं तरी ते जात नाही. वासही येत नाही, चवही बदलत नाही. त्यामुळे ‘नीट गरम करून खाल्ला, काही होत नाही’ हे म्हणणं इथे लागू पडत नाही.

म्हणजे कुकरमध्ये किती तास, हे कुकर भाताला 60च्या वर धरून ठेवतो का यावर ठरतं. चांगले कुकर धरून ठेवतात. काही महागड्या जपानी कुकरांच्या पुस्तिकांत साध्या पांढऱ्या भातासाठी बारा तासांपर्यंतची मुभा असते. आपल्याकडचा साधा, एका खटक्याचा कुकर मात्र तळातूनच ऊब देतो आणि त्याचं झाकण सैल असतं. भांडं भरलेलं असेल तर चालून जातं. तळाशी चार घास उरले आणि घरातल्या प्रत्येकाने झाकण उघडून पाहिलं, की वरचा थर उतरायला लागतो. खात्री हवी असेल तर स्वयंपाकात वापरतात तो टोचायचा थर्मामीटर भाताच्या मध्ये आणि वरच्या थरात टोचून बघा, दोन्हीकडे 60च्या वर हवं. थर्मामीटर नसेल तर माझा ढोबळ अंदाज असा, की झाकण उचलताच वाफेचा लोट यायला हवा आणि आतल्या भांड्याची कड क्षणभरही धरवता कामा नये. नुसता कोमट लागला तर तो गरम ठेवलेला भात नव्हे.

चवीच्या हिशेबाने मला कुकर चार-पाच तास मान्य आहे. मुलगा चारला येऊन वरणभात जेवतो तेव्हा तो फ्रीजमधल्या भातापेक्षा नक्कीच मऊ असतो, हे कबूल. पुढे मात्र तळाशी पापडी धरते, झाकणावरचं पाणी टिपकून मधला भात गिचका होतो आणि रंग पिवळट पडतो. पुलाव, खिचडी, लिंबू पिळलेला भात वॉर्मवर ठेवूच नये, आणि डावही आत ठेवू नये.

एवढंच असतं तर मी कदाचित कुकरवरच राहिलो असतो. माझा निर्णय फिरला तो वीज जाण्यामुळे.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारची वीज जाते-येते. घरी इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवे. स्वयंपाकघरातला जाड पिनचा सॉकेट त्यावर नाही. एका रात्री मी जेवायला बसलो, भात वाफाळता होता, कुकरचा पिवळा दिवा लागलेला होता. सहज शेजारच्या मायक्रोवेव्हकडे लक्ष गेलं, तर त्याचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. म्हणजे दुपारी केव्हातरी वीज गेली होती. दहा मिनिटं की तीन तास, कोण सांगणार? आई-बाबा झोपले होते आणि पंखा तर चालूच होता. साधा कुकर वीज आली की आपोआप पुन्हा ऊब द्यायला लागतो. मधल्या वेळात भात 40 अंशांपर्यंत उतरून परत चढला असला तरी रात्री तो आपल्यापुढे तसाच वाफाळता येतो. तो भात मी टाकून दिला. हेच मला सर्वात खुपतं: कुकर मागचा हिशेब ठेवत नाही. तुमच्याकडे वीज कधीच जात नसेल तर हा मुद्दा सोडून द्या, तुमचं मत वेगळं होऊ शकतं.

आता दुसरा मार्ग. भात भांड्यातच ठेवून ‘आपोआप गार होईल’ म्हणणं इथे उपयोगाचं नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरच 40 अंशांचं असतं, त्यामुळे ओट्यावरचा भात त्या जंतूला हव्या त्याच उबेत बसून राहतो. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. शिवाय खोल भांड्यातला मधला भात फार हळू निवतो. थर निम्मा केला तर मधला भाग निवायला लागणारा वेळ साधारण चौथाईवर येतो. सगळी गोम थराच्या जाडीत आहे.

आमच्याकडे दोन वाट्या तांदळाच्या भातातला निम्मा-अधिक उरतो. तो मोठ्या परातीत दोन बोटं जाडीचा पसरायचा आणि डावाने हलक्या हाताने मोकळा करायचा. त्याहून मोठ्या परातीत पाणी आणि फ्रीजमधला बर्फ घालून त्यात ही परात टेकवायची, भातात पाणी जाणार नाही इतपतच. वर जाळी, आणि छताचा पंखा. कूलरच्या झोतात ठेवू नका. टाकीतलं शिळं पाणी आणि धूळ भातावर येते. मधे एकदा खालवर करायचा. अर्ध्या तासाच्या आत वाफ थांबते आणि परातीचा तळ हाताला गार लागतो. मग पसरट स्टीलच्या डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये, डबे एकावर एक न रचता. ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये नको’ असं आई म्हणायची, पण पातळ थरातला किंचित कोमट भात आत गेलेला बरा. बाहेर तासन्‌तास ताटकळलेला नको.

या मार्गाची खोड म्हणजे भात कडक होतो. त्यावर उपाय आहे: वाटीभर भातावर दोन चमचे पाणी शिंपडायचं, झाकण ठेवून मंद आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये आरपार वाफ येईपर्यंत तापवायचा. दाणा पुन्हा मऊ होतो. कुकरच्या वॉर्मवर मात्र गार भात तापवायला ठेवू नका, तो फार सावकाश चढतो. एकदा गरम केलेला परत फ्रीजमध्ये नको. फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायचा.

परात, बर्फ, डबे, हे काम वाढतं, नाकारत नाही. घरात कायम कोणी असेल, वीज भरवशाची असेल आणि शेवटचं पान चार-पाच तासांत उठत असेल, तर कुकर वॉर्मवर ठेवा, त्यात वावगं काही नाही. आमच्याकडे चारपर्यंतचं पान कुकरमधून वाढलं जातं, पण माझ्या वाटणीचा भात आई दीड वाजताच परातीत काढते.