आठ महिने, नऊ बाटल्या आणि ते वीस मिलीचं झाकण

सुरुवात माझ्या वर्गातल्या तिसरीच्या एका पोराने केली. गणित तपासताना त्याच्या वहीवर वाकलो, तर तो नाक मुरडून म्हणाला, "सर, तुमच्या तोंडाचा वास यायलाय." जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकरं खोटं बोलत नाहीत. त्याच दिवशी परभणीत मेडिकलवरून माउथवॉशची बाटली आणली, तिखट चवीची. ही गोष्ट आठ महिन्यांपूर्वीची. आता नववी बाटली चालू आहे आणि मत बरंच बदललंय, म्हणून लिहितोय.

आधी झाकण. या झाकणावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. आत एक पुसट रेष आहे, उजेडात तिरकं धरलं तर दिसते. तिथवर वीस मिली भरतं. लेकराच्या खोकल्याच्या औषधाच्या मापाने पाणी ओतून मी ते मोजून पाहिलंय. बाटलीवर लिहिलंय की वीस मिली, तीस सेकंद, दिवसातून दोन वेळा. म्हणजे रोज चाळीस मिली. माझी बाटली अडीचशे मिलीची, दीडशे रुपयांची. सहा दिवसांत खलास. महिन्याला पाच बाटल्या, साडेसातशे रुपये! घरात माणशी एवढा खर्च करायचा तर चौघांचे तीन हजार झाले. गॅसची टाकी, दूध, दोन्ही लेकरांची ट्यूशन धरून हा हिशोब माझ्याने जमला नाही. मग मी मास्तरी तोडगा काढला. रोज सकाळी एकदाच, दहा मिली औषध आणि दहा मिली पाणी. एक बाटली पंचवीस दिवस. नऊ बाटल्यांचे साडेतेराशे रुपये गेले.

पहिले दोन महिने मी खूश होतो. तोंडात घेतलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी समजायचो की जंतू मरायलेत. बायको म्हणाली, "एवढं झोंबतंय तर काहीतरी होत असेलच की." हाच आमचा सगळ्यात मोठा गैरसमज निघाला.

तो फुटला हुरड्याच्या दिवशी. जानेवारीत सेलूजवळ मित्राच्या शेतात हुरडा, त्यासोबत लसणाची चटणी, येसर आमटी. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रप्रमुखांची बैठक होती. त्या दिवशी कंजूषपणा सोडून पाणी न घालता पूर्ण झाकण घेतलं, दोन वेळा. दहा मिनिटं पुदिन्याचा वास, आणि नंतर लसूण जिथल्या तिथे. पुढे दंतवैद्याने समजावलं तेव्हा कळलं की लसणातला एक घटक पचून रक्तात जातो आणि फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर पडत राहतो. तोंड कितीही धुतलं तरी मागून पुरवठा चालूच. बाटलीचा यात दोष नाही, पण हे मी पाच महिन्यांनी शिकलो.

दंतवैद्याकडे जायचं कारण मात्र वडील होते. आबा पंच्याहत्तरीचे. बीपीची गोळी चालू, आणि लघवी वारंवार होते म्हणून त्याचीही एक गोळी. माझी बाटली पाहून त्यांनीही रात्री झोपताना घ्यायला सुरुवात केली. झाकण दाबून फिरवायचं असतं, ते त्यांना जमेना, म्हणून पक्कड घेऊन उघडायचे. आठवड्याभरात म्हणाले, "तोंड वाळून जायलंय, भाकर गिळताना पाणी लागतंय, अन् जीभ जळायलीय." मला वाटलं, लसणासारखं काहीतरी खाल्लं असेल.

डॉक्टरांनी आधी आबांच्या गोळ्या पाहिल्या. मग जीभ दाबून पाहिली, लाळ किती आहे ते. म्हणाले, या वयात गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडणं नेहमीचं आहे, आणि लघवीच्या गोळीने तर ते हमखास होतं. लाळ आपलं तोंड सतत धुत असते, ओलं ठेवते, आम्ल सौम्य करते. ती कमी झाली की वासही वाढतो आणि दातही लवकर किडतात. अशा तोंडात अल्कोहोलचं द्रव टाकलं की जळजळ आणि कोरडेपणा जास्तच जाणवतो. आबा वास घालवायला घेत होते, आणि वासाचं मूळ कोरडेपणात होतं. बाटली बंद करायला सांगितली. थोडं थोडं पाणी पीत राहायचं, साखर नसलेलं च्युइंगम चघळायचं, अल्कोहोल नसलेलं फ्लोराइडचं माउथवॉश हवं तर घ्यायचं. आणि गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलायचं. आबांची जळजळ चार-पाच दिवसांत उतरली.

मग मी खुर्चीत बसून माझं काढलं. झोंबतं ते अल्कोहोल का?

उत्तर ऐकून मला दीडशे रुपये गुणिले नऊ आठवले. अल्कोहोल मुख्यतः सुगंधी तेलं विरघळवून ठेवायला घातलेलं असतं. काम तेलं करतात. तीही नवी नाहीत: थायमॉल, जे ओव्यात असतं, निलगिरीचं तेल, पुदिन्यातलं मेंथॉल, आणि मिथाइल सॅलिसिलेट, ज्याचा वास दुखऱ्या पाठीच्या बामला येतो. ज्यांना ऍस्पिरिनची ऍलर्जी आहे त्यांनी या शेवटच्याबद्दल डॉक्टरला विचारावं. अशा तिखट प्रकारात अल्कोहोल वीस टक्क्यांच्या वरही असतं. बिअरच्या बाटलीवर पाच-आठ टक्के लिहिलेलं असतं, हे लक्षात ठेवा. झोंबणं त्याचं, आणि थोडं तेलांचं. हीच तेलं अल्कोहोलशिवायही मिळतात, मेडिकलवाल्याला विचारा. बाटलीमागे 'इथेनॉल' किंवा 'अल्कोहोल' शोधायचं, पुढच्या चित्रावर जायचं नाही.

तेलांचा उपयोग होतो का? होतो, बऱ्यापैकी. ब्रश करून वर हे वापरणाऱ्यांच्या दातांवरचा चिकट थर आणि हिरड्यांची सूज सहा महिन्यांत थोडी कमी होते, असे अभ्यास आहेत. पण ब्रशच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. दातांवर चढलेला पिवळा दगडासारखा थर यातून निघत नाही आणि दोन दातांच्या फटीतलं जेवण निघत नाही. बाजारात जे साधं सुगंधी माउथवॉश असतं, ज्यात ही तेलं नाहीत, फक्त पुदिन्याची चव आणि रंग आहे, ते तर वास झाकतं, दुसरं काही नाही. आणि माझ्या पाणी घालण्याच्या तोडग्यावर डॉक्टर हसले. म्हणजे आठ महिने मी अर्धी मात्रा, अर्ध्या जोरात, रोज एकदाच घेत होतो. माझा अनुभव ऐकून 'हे चालत नाही' असं ठरवू नका, मी ते नीट वापरलंच नाही.

दुसरी चूकही माझीच. ब्रश केल्यावर लगेच चूळ भरायचो. टूथपेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं, ते मी धुऊन टाकत होतो. आता दुपारी जेवणानंतर वापरतो, आणि अर्धा तास काही खात-पीत नाही. माझा वास पुष्कळसा जिभेच्या मागच्या भागावरच्या पांढऱ्या थरातून येत होता. वीस रुपयांची जीभ घासणी दीड महिन्यापासून वापरतोय, आणि खरं सांगू, फरक बाटलीपेक्षा तिचा जास्त पडलाय. वर हिरड्यांतून रक्त यायचं, ते दात साफ करून घेतल्यावर थांबलं. त्याचा खर्च बाटल्यांपेक्षा जास्त झाला, पण आठ महिने पुदिन्याने झाकून तो चुकला नसता.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचली. माझा मावसभाऊ जीप चालवतो, गुटखा खातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कसा मिळतो हे मला विचारू नका. माझी बाटली पाहून त्याने तिखटवाली घेतली, घरी वास कळू नये म्हणून. म्हणाला, "लै झोंबतं रे, पण ठेचा पण आता झोंबायलाय." मला ते चटकन लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला लावलं, तीन बोटं उभी बसतात का ते पाहायला. दोनच बसली. गालांची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ. सुपारीने हे होतं, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतं, आणि ती जळजळ हीच त्याची पहिली खूण होती. त्याच तोंडात तो अल्कोहोल ओतत होता. अल्कोहोलच्या माउथवॉशने कर्करोग होतो का, यावर अजून एकमत नाही. पण तंबाखू-सुपारीवाल्या तोंडात आणखी एक आग कशाला, असं डॉक्टर म्हणाले. त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. गुटखा त्याने सोडला का, ते सांगत नाही.

जीप चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. नाकाबंदीत फुंकून पाहणारं यंत्र तोंडातलं अल्कोहोलही पकडतं. चूळ भरल्यावर लगेच चाचणी झाली तर फुकटची झकझक होऊ शकते. पंधरा मिनिटांत ते निघून जातं.

ज्यांच्या घरी दारू सोडलेला माणूस आहे, त्यांनी ही बाटली मोरीत ठेवूच नये. दारू सोडायच्या गोळीवर असलेल्यांनी तर अजिबात नको, आणि काही जंतुनाशक गोळ्यांसोबतही जपून, डॉक्टरला विचारा. सहा वर्षांखालच्या लेकरांना कुठलंच माउथवॉश नको, ते गिळतात. माझा धाकटा पाचवीत आहे, त्यालाही तिखटवालं बारा वर्षांपर्यंत नको, असं सांगितलंय. त्याला तसंही ते आवडलं नाही, एकदा चाखून त्याने थुंकून दिलं, आणि त्याच्या या निर्णयावर मी आत्तापर्यंत रागावलो होतो.

नववी बाटली अर्धी आहे. ती संपवणार, पैसे दिलेत. दुपारी, पूर्ण वीस मिली, पाणी न घालता. दहावी अल्कोहोल नसलेली घेईन. त्या रेषेचं मात्र काही करा, बनवणाऱ्यांनो. आबांचा चष्मा लावूनही ती दिसत नाही.