बॅकलॉग किती स्प्रिंटमध्ये उरकेल: सरासरीने भागायचं, पट्टा सांगायचा की सोडत काढायची?

बॅकलॉगमध्ये २१० पॉइंट उरलेत, टीमची सरासरी व्हेलॉसिटी २५ आहे. २१० भागिले २५ म्हणजे ८.४, म्हणून ९ स्प्रिंट. बहुतेक टीमचं गणित इथेच संपतं. पण हाताशी असलेल्या त्याच आकड्यांवरून उत्तर काढायचे आणखी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चांगल्या आणि वाईट स्प्रिंटवरून ‘इतके ते इतके’ असा पट्टा सांगणं. दुसरा म्हणजे जुन्या स्प्रिंटची हजार वेळा सोडत काढणं, ज्याला मॉन्टे कार्लो असं भारदस्त नाव आहे. मी तिन्ही वापरलेत. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण तुमची टीम वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

तुलना एकाच आकड्यांवर करू. समजा गेल्या ८ स्प्रिंटची व्हेलॉसिटी अशी आहे: २४, ३१, १८, २७, ३५, १२, २९, २४. बेरीज २००, सरासरी २५.

सरासरीची बाजू आधी मांडतो, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. पुढच्या दोन-तीन स्प्रिंटचा अंदाज हवा असेल, किंवा टीमचे आकडे २३ ते २७ च्या आतच फिरत असतील, तर भागाकार पुरेसा आहे. त्यापलीकडे कष्ट घेण्यात अर्थ नाही. शिवाय तो कुणालाही तोंडी समजावता येतो आणि समोरचा स्वतः ताळा करून बघू शकतो.

मला खटकलं ते वेगळंच. सरासरी २५ असताना बॅकलॉग २०१ असला तरी उत्तर ९ येतं आणि २२५ असला तरी ९. हे दोन ‘९’ एकसारखे नाहीत. वरच्या ८ आकड्यांतून सोडत काढून पाहिलं तर २०१ पॉइंट ९ स्प्रिंटमध्ये संपण्याची शक्यता शेकडा ८८ च्या आसपास येते. २२५ साठी ती जेमतेम निम्मी, म्हणजे नाणं उडवण्याइतकीच. आपले २१० मध्ये कुठेतरी बसतात, सुमारे ७७ टक्क्यांवर. भागाकारातला अपूर्णांक वर ओढताना चुकून जी काही मोकळीक मिळते, तीच आपली सुरक्षितता. कधी ती भरपूर असते, कधी शून्य, आणि उत्तरात दोन्ही वेळा फक्त ‘९’ दिसतो. हा ‘९’ एकदा प्लॅनच्या स्लाइडवर चढला की तो कुठल्या जातीचा होता हे कुणी विचारत नाही. मला तर तारीख ठरवताना नेमकं तेच सांगायचं असतं: हुकण्याची भीती किती? सरासरी त्यावर गप्प राहते. माझं मन तिच्यावरून उडालं ते एवढ्यासाठीच.

पट्ट्याची पद्धत यावर उतारा म्हणून पुढे येते. सगळ्यात वाईट ३ स्प्रिंट घ्या: १२, १८, २४, सरासरी १८. सगळ्यात चांगले ३ घ्या: ३५, ३१, २९, सरासरी ३२ च्या जरा आत. आता २१० ला दोन्हींनी भागलं की ७ ते १२ स्प्रिंट असं उत्तर मिळतं. हे प्रामाणिक वाटतं आणि कागदावर पाच मिनिटांत होतं. अडचण अशी, की यात गृहीत काय धरलंय ते पाहिलं तर पट्टा गरजेपेक्षा रुंद निघतो. १२ स्प्रिंट लागायचे तर बाराच्या बारा स्प्रिंट सरासरी १८ चे, म्हणजे सगळेच पडके निघायला हवेत. प्रत्यक्षात एक पडतो, पुढचा सावरतो, आणि जितके जास्त स्प्रिंट तितकी ही भरपाई होत जाते. बॅकलॉग दुप्पट, म्हणजे ४२० केला तर पट्ट्याची पद्धत १४ ते २४ सांगते. सोडतीत मात्र बहुतेक उत्तरं १५ ते १९ मध्ये पडतात. १० स्प्रिंट रुंदीचा अंदाज घेऊन मीटिंगला जाऊन बघा. ऐकणारा फक्त खालचा आकडा वहीत लिहून घेतो.

आता सोडत. प्रत्येक जुना स्प्रिंट म्हणजे एक चिठ्ठी. डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची आणि पुन्हा काढायची. बेरीज २१० वर पोचेपर्यंत किती चिठ्ठ्या लागल्या, तितके स्प्रिंट. हे हजार वेळा करायचं. यासाठी वेगळं टूल लागत नाही, साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. आकडे B2 ते B9 मध्ये असतील तर D2 मध्ये हे टाका, उजवीकडे N पर्यंत (म्हणजे ११ स्प्रिंट) आणि खाली हजार ओळी ओढा:

```
=INDEX($B$2:$B$9,RANDBETWEEN(1,8))
```

मग P2 मध्ये ओळीची बेरीज, तीही खालपर्यंत ओढायची, आणि एका रिकाम्या खान्यात टक्केवारी:

```
=SUM(D2:N2)
=COUNTIF(P2:P1001,">=210")/1000
```

बेरीज D ते L पर्यंत घेतली तर ९ स्प्रिंटचं उत्तर मिळतं, M पर्यंत घेतली तर १० चं. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की आकडे पुन्हा उडतात आणि टक्केवारी एक-दोनाने हलते. त्याला घाबरू नका, आणि ती दशांशापर्यंत कुणाला सांगूही नका. आपल्या उदाहरणात ९ स्प्रिंटला ७७ च्या आसपास आणि १० ला ९७ च्या आसपास येतं. हे वाचून कुणी म्हणेल, मग सरासरीचं ९ तर ठीकच होतं की!

इथवर बॅकलॉग २१० वर थिजलेला आहे असं धरलंय. तसा तो कधी नसतो. टीम पॉइंट संपवत असते तेव्हा दुसऱ्या बाजूने बग, राहून गेलेल्या अटी आणि ‘हे तर त्यातच धरलं होतं ना’ प्रकारच्या स्टोऱ्या आत येत असतात. सरासरी व्हेलॉसिटी फक्त बाहेर गेलेलं मोजते. म्हणून मी प्रत्येक स्प्रिंटसमोर त्या काळात वाढलेले पॉइंटही लिहितो. समजा वरच्या ८ स्प्रिंटमध्ये अनुक्रमे ३, ०, ८, २, ५, ४, ६, ४ पॉइंट वाढले. वजा करून निव्वळ घट उरते २१, ३१, १०, २५, ३०, ८, २३, २०. सरासरी आता २१ आहे, आणि २१० भागिले २१ म्हणजे बरोबर १०. हे १० म्हणजे पुन्हा ते नाण्याचं प्रकरण, शक्यता निम्म्याच्या आसपास. B स्तंभात हे निव्वळ आकडे टाकून सोडत काढली की चित्र पालटतं. ज्या ९ स्प्रिंटची खात्री ७७ टक्के होती ती २० च्याही खाली येते. ११ स्प्रिंटला ८० च्या आसपास मिळतं, १२ ला ९४ च्या आसपास. अशा वेळी मी ११ सांगेन, आणि सोबत एक वाक्य जोडेन: पाचात एकदा हेही चुकू शकतं, त्याची झळ बसणार नसेल तरच ११ धरा, नाहीतर १२.

वाढीची वजाबाकी सरासरीतही करता येते, हे खरं. निदान तेवढं जरी केलंत तरी फरक पडेल. पण शक्यता किती हे ती तरीही सांगणार नाही.

सोडतीचे दोष मात्र मोकळेपणाने सांगायला हवेत. पहिला दोष असा, की पिशवीत जी चिठ्ठी नाही ती निघू शकत नाही. आपला सगळ्यात वाईट स्प्रिंट १२ चा असेल, तर ५ चा स्प्रिंट या गणिताच्या स्वप्नातही येत नाही. दोन माणसं टीममधून गेली किंवा स्प्रिंटची लांबी बदलली, तर जुन्या चिठ्ठ्या रद्दच समजायच्या. पॉइंट द्यायची टीमची मोजपट्टी सरकली असेल तर तेच. वर्षभरापूर्वी अंदाजलेली ८ ची स्टोरी आज टीमने १३ ची म्हटली, तर व्हेलॉसिटी नव्या मापात आणि बॅकलॉग जुन्या मापात राहतो, आणि उत्तर फसवं आशादायक येतं. हे ओळखायला सोपं आहे. बॅकलॉगच्या तळातल्या पाच-सहा स्टोऱ्या काढून टीमकडून नव्याने अंदाज घ्या आणि ताडून बघा.

दुसरा दोष जास्त लबाड आहे. आकड्यांत १२ नंतर २९ आलाय, त्याकडे नीट बघा. बऱ्याचदा अशा जोडीमागे एक मोठी स्टोरी असते. स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी ती टेस्टिंगमध्ये अडकलेली असते, एका स्प्रिंटमध्ये शून्य मोजली जाते आणि तिचे सगळे पॉइंट पुढच्यात पडतात. टीमचा वेग बदललेलाच नसतो, नुसती मोजणीची रेघ चुकीच्या जागी पडलेली असते. सोडत मात्र १२ आणि २९ दोन्ही सुटे समजून वापरते आणि चढउतार आहे त्यापेक्षा मोठा दाखवते. असं झिगझॅग वारंवार दिसत असेल तर लागोपाठच्या दोन स्प्रिंटची बेरीज करून जोड्यांची सोडत काढावी. उलट प्रकारही होतो. वाईट स्प्रिंट एकामागोमाग घोळक्याने येत असतील, उदाहरणार्थ रिलीजनंतर सपोर्टच्या कामात टीम अडकते म्हणून, तर सुटी सोडत धोका कमी दाखवते. तेव्हा मी टक्केवारीवर फार भिस्त ठेवत नाही आणि एखादा स्प्रिंट वर धरतो.

टीम नवी असेल आणि हातात तीन-चारच स्प्रिंट असतील तर सोडतीचा हट्ट धरू नका. चार चिठ्ठ्या हजार वेळा काढून चार चिठ्ठ्यांपेक्षा जास्त काही कळत नाही, फक्त टक्केवारीमुळे कळल्यासारखं वाटतं. तिथे पट्टाच बरा. सर्वात वाईट आणि सर्वात चांगल्या स्प्रिंटने भागून दोन्ही टोकं सांगायची, खालचं टोक शेवटी सांगायचं, आणि सात-आठ स्प्रिंट जमले की निव्वळ आकड्यांवर नव्याने बसायचं.