मुदत उलटलेली कामं लाल करायची आहेत: तयार नियम, फॉर्म्युला की वेगळा कॉलम?

कामांचा तक्ता एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये ठेवणाऱ्या बहुतेकांना एक दिवस हा प्रश्न पडतोच: मुदत उलटून गेलेल्या ओळी आपोआप लाल कशा करायच्या? त्याचे तीन सरळ मार्ग आहेत. तयार नियम, फॉर्म्युल्याचा नियम, आणि स्थितीचा वेगळा कॉलम करून त्यावर लावलेला नियम. तिन्ही पाच-दहा मिनिटांत होतात, त्यामुळे सोपं काय यावर निवड करू नका. प्रत्येक मार्ग कुठे चुकतो आणि ती चूक आपल्याला दिसते का, हे पाहून निवडा.

मी फ्लॅटच्या अंतर्गत कामांचं वेळापत्रक सांभाळते. म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. कॉलम `A` मध्ये काम, `D` मध्ये ठरलेली मुदत आणि `F` मध्ये काम खरोखर संपलं ती तारीख. पहिली ओळ शीर्षकांची. आजचा दिवस १८ जून २०२५ धरू.

| ओळ | काम | मुदत | संपल्याची तारीख |
|---|---|---|---|
| २ | वॉटरप्रूफिंग | २ जून | ४ जून |
| ३ | वायरिंग | ९ जून | – |
| ४ | टाइल्स | १४ जून | – |
| ५ | फॉल्स सीलिंग | १८ जून | – |
| ६ | किचन ट्रॉली | २५ जून | – |
| ७ | पडदे | – | – |
| ८ | रंगकाम | 12.06.2025 | – |

शेवटच्या ओळीतली तारीख कुणीतरी ठिपके देऊन टाइप केली आहे, तिच्याकडे नंतर येऊ. डोळ्यांनी पाहिलं तर मुदत उलटलेली कामं तीन आहेत: वायरिंग, टाइल्स आणि रंगकाम. फॉल्स सीलिंगची मुदत आजच आहे. आजचा दिवस अजून हातात आहे, म्हणून ते यात धरायचं नाही.

तयार नियम

एक्सेलमध्ये `D` कॉलम निवडून `Conditional Formatting`, मग `Highlight Cells Rules`, मग `Less Than` असं जायचं आणि चौकटीत `=TODAY()` लिहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. आता आपल्या तक्त्यात काय लाल होतं ते पाहा: वॉटरप्रूफिंग, वायरिंग, टाइल्स आणि पडदे.

वॉटरप्रूफिंग तर ४ जूनलाच झालं आहे. पण हा नियम फक्त तारखेची चौकट पाहतो, काम झालं की नाही हे त्याला कळत नाही. पडद्यांची मुदत ठरलेलीच नाही, तरी ती चौकट लाल, कारण एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य मानतं आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा लहानच असतं. रंगकाम मात्र कोरंच राहिलं. चार लाल चौकटींतल्या दोन चुकीच्या, आणि एक खरी सुटलेली.

त्याच यादीतला `A Date Occurring` हा पर्याय आणखी फसवा आहे. त्यात `In the last 7 days` निवडलं की आज धरून मागचे सात दिवस, म्हणजे १२ ते १८ जून, रंगतात. टाइल्स लाल होतात, आजच्या मुदतीचं फॉल्स सीलिंगही लाल होतं, आणि सगळ्यात जास्त रखडलेलं वायरिंग कोरं राहतं. काम आठवड्याहून जास्त थकलं की त्याचा रंग निघून जातो. उशिरासाठी हा पर्याय वापरूच नका. येत्या आठवड्यात काय आहे एवढं पाहायला `Next week` ठीक आहे.

तयार नियम एकाच ठिकाणी शोभतो: झालेली कामं तुम्ही तक्त्यातून लगेच काढून टाकता आणि प्रत्येक ओळीला मुदत असतेच, अशी छोटी यादी.

फॉर्म्युल्याचा नियम

इथे आपण तारखेबरोबर कामाचीही अवस्था विचारतो. `A2:F200` निवडा, `New Rule` मधला `Use a formula to determine which cells to format` हा प्रकार घ्या आणि लिहा:

```
=AND($D2<>"",$F2="",$D2<TODAY())
```

गूगल शीट्समध्ये हाच फॉर्म्युला `Custom formula is` खाली चालतो. मुदत दिलेली आहे, संपल्याची तारीख रिकामी आहे आणि मुदत आजच्या आधीची आहे, असं तिन्ही जुळलं तरच ओळ रंगते. वॉटरप्रूफिंग आणि पडदे सुटले, वायरिंग आणि टाइल्स पूर्ण ओळभर लाल झाले.

मी इथे मुद्दाम `पूर्ण` असा शब्द न तपासता संपल्याची तारीख तपासली आहे. शब्दाच्या मागे चुकून एक स्पेस राहिली तरी एक्सेल तो वेगळा शब्द धरतं, आणि झालेलं काम लालच राहतं. शिवाय तारीख ठेवली की काम किती उशिरा संपलं हेही नंतर कळतं.

डॉलरच्या खुणेकडे नीट पाहा, बहुतेक घोळ तिथेच होतात. `$D2` म्हणजे कॉलम पक्का, ओळ सरकती. `$D$2` लिहिलं तर प्रत्येक ओळ वॉटरप्रूफिंगचीच तारीख पाहील, आणि न संपलेल्या सगळ्या ओळी एकदम लाल होतील किंवा सगळा तक्ता एकदम कोरा. नुसतं `D2` लिहिलं तर एकाच ओळीतल्या इकडच्यातिकडच्या चौकटी विस्कळीत रंगतात. आणि निवड दुसऱ्या ओळीपासून असताना फॉर्म्युल्यात `$D1` लिहिलं, तर रंग एक ओळ खाली सरकतो. ही शेवटची चूक ओळखायला अवघड आहे, कारण रंग येतो, फक्त शेजारच्या कामावर येतो. म्हणून नियम लावल्यावर एका ओळीची मुदत कालची करून तीच ओळ लाल होते का, हे मी नेहमी पाहते.

रंगकाम मात्र इथेही कोरंच आहे. ठिपके दिलेली तारीख आपल्याकडच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तारीख म्हणून घेतली जात नाही, मजकूर म्हणून राहते. तुलना करताना मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे ‘आजच्या आधी’ ही अट कधीच खरी होत नाही. ते काम वर्षभर थकलं तरी नियम गप्प बसेल. चुकून लाल झालेली ओळ कुणीतरी विचारतं तरी, लाल न झालेल्या ओळीबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून वेगळ्या रंगाचा, समजा पिवळा, दुसरा नियम त्याच भागावर लावा:

```
=ISTEXT($D2)
```

पिवळ्या झालेल्या तारखा एक्सेलमध्ये `Text to Columns` मधून, शेवटच्या पायरीवर `Date` आणि `DMY` निवडून, खऱ्या तारखा करता येतात.

यातूनही एक चूक निसटते. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकी असेल तर `12/06/2025` ही ६ डिसेंबर होते. ती खरी तारीखच असल्याने पिवळीही होत नाही, आणि काम डिसेंबरपर्यंत कोरं राहतं. यावर साधा उपाय आहे: `D` कॉलमला `dd-mmm-yyyy` असं रूप द्या. महिन्याचं नाव अक्षरांत आलं की अशी तारीख वाचताना लगेच डोळ्यात येते.

वेगळा कॉलम

तिसऱ्या मार्गात नियमाचं डोकं रंगातून काढून चौकटीत आणायचं. `G2` मध्ये हा फॉर्म्युला लिहून खाली ओढा:

```
=IF($F2<>"","पूर्ण",IF($D2="","मुदत नाही",
 IF(ISTEXT($D2),"तारीख तपासा",
 IF($D2<TODAY(),"उशीर","चालू"))))
```

आणि रंगाचा नियम एवढाच:

```
=$G2="उशीर"
```

तीच कामं लाल होतात, पण आता रंगकामासमोर `तारीख तपासा` आणि पडद्यांसमोर `मुदत नाही` असं लिहून येतं. मुदतच न ठरलेलं काम कधीच उशिराचं होत नाही, त्यामुळे ते आधीच्या दोन्ही मार्गांत नीट समोर येत नव्हतं. इथे त्याला नाव मिळालं.

मला हा मार्ग आवडतो तो मुख्यतः मोजणीसाठी. किती कामं उशिराची आहेत, असं घरमालकाने फोनवर विचारलं तर `=COUNTIF(G2:G200,"उशीर")` ताबडतोब उत्तर देतं. फॉर्म्युल्याच्या नियमात रंग दिसतो, पण `COUNTIF` ला रंग मोजता येत नाही. तक्ता काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर साइटला गेला तरी शब्द शिल्लक राहतो, आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांचीही अडचण होत नाही.

दुसरं कारण रंगाच्या नियमांच्या मोडतोडीचं. ओळी कॉपी करून मध्ये पेस्ट करत गेलं की एक्सेल नियमाचा भाग तोडत जातं. महिन्याभराने `Manage Rules` उघडून `This Worksheet` निवडा. एकच नियम आठ-दहा वेळा दिसेल, आणि `Applies to` मध्ये तुकडे तुकडे असतील. काही ओळी कोणत्याच तुकड्यात नसतात, त्या कधी रंगतच नाहीत. तिसऱ्या मार्गातही रंग असा तुटतो, पण `G` मधला शब्द आणि मोजणी बरोबर राहते. लाल ओळी आणि `COUNTIF` चा आकडा जुळला नाही, की नियम तुटल्याचं कळतं. मग सगळे नियम पुसून एकच नव्याने लावायचा.

याची कमजोरी म्हणजे कुणीतरी `G` मध्ये हाताने `चालू` असं टाइप करतं, फॉर्म्युला पुसला जातो, आणि ती ओळ कायमची चालू राहते. फक्त `G` कॉलम लॉक ठेवून शीट संरक्षित करा. नवीन ओळीत फॉर्म्युला ओढायचा राहू नये म्हणून तक्ता `Ctrl+T` ने टेबल करून ठेवा, एक्सेल तो आपोआप खाली भरतं. मात्र टेबल असलेली शीट संरक्षित केली की टेबल आपोआप वाढत नाही, त्यामुळे या दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. ओळी रोज वाढत असतील तर टेबल घ्या, यादी ठरलेली असेल तर लॉक.

मग कुठला घ्यावा?

तक्ता तुम्ही एकटेच पाहता, ओळी पन्नासच्या आत आहेत आणि नजर टाकली की पुरतं, तर फॉर्म्युल्याचा नियम आणि सोबत पिवळा नियम घ्या. तक्ता दोघा-तिघांच्या हातात आहे, प्रिंट होतो, किंवा कुणाला आकडा सांगावा लागतो, तर वेगळा कॉलम घ्या. नुसता तयार नियम मी आता कुठल्याच चालू कामाच्या तक्त्यावर लावत नाही.

गूगल शीट्सवाल्यांनी फाइलच्या `Settings` मधला टाइम झोन एकदा पाहून घ्यावा. `TODAY()` त्यावर चालतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मालकाने फाइल बनवली आणि झोन न्यूयॉर्कचा राहिला, तर जूनमध्ये आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजेपर्यंत तक्ता कालच्याच तारखेवर असतो. साइटवर नऊ वाजता तक्ता उघडणाऱ्या सुपरवायझरला काल मुदत संपलेलं काम तेव्हा लाल दिसत नाही.