राज्याभिषेक: ऑक्सिंडन की सभासद?

६ जून १६७४ ला रायगडावर काय घडलं, हे सांगणारे दोन साक्षीदार घेऊ.

हेन्री ऑक्सिंडन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील त्या दिवशी दरबारात हजर होता. लिहिलं ते वरिष्ठांसाठी. राजापूरच्या लुटीची भरपाई आणि तह, हे त्याचं खरं काम. म्हणून नजर व्यापाऱ्याची: सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांवर सोन्याचे मासे, तराजू; दुभाषी नारायण शेणवी हिऱ्याची अंगठी उंच धरतो. आतले विधी आणि त्यांचा अर्थ मात्र त्याच्या टिपणात सापडत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने बखर जिंजीला, सुमारे १६९७ मध्ये, राजारामांच्या सांगण्यावरून लिहिली. रायगड तेव्हा मोगलांकडे होता. वाचणारा मुलगा, लिहिणारा चाकर. मग सिंहासन बत्तीस मण सोन्याचं झालं, यात नवल नाही! तो आकडा मी हिशेब म्हणून नाही, वैभवाची आठवण म्हणून वाचतो.

सप्टेंबरमधला निश्चलपुरींचा दुसरा, तांत्रिक अभिषेक दोघांकडेही नाही. ऑक्सिंडन जूनमध्येच परतला होता, त्याचं मौन साधं आहे. सभासदाचं मला खटकतं. दरबारी माणसाला हे ठाऊक नसेल?