गिम्पवर आठ महिने : पिशवीवरचा जुना लोगो काढला, कापड मात्र तेच ठेवलं

आमच्या बचत गटाचं नाव बदललं, लोगो बदलला. पिशव्यांवर नवा छाप सुरू झाला, पण कॅटलॉगचे ६३ फोटो जुनेच होते : जाड सुती पिशवी आणि मधोमध मरून रंगातला जुना छाप. त्यातल्या बहुतेक पिशव्यांच्या रंगांचं कापड संपलं होतं, त्यामुळे सगळे फोटो पुन्हा काढणं शक्य नव्हतं. मग गिम्प २.१० हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि तेव्हापासून फोटोंतला जुना छाप पुसायचं काम करतेय.

पहिले दोन महिने मी चुकीच्या वाटेवर होते. हील टूल घ्यायचं, शेजारच्या कोऱ्या कापडावर कंट्रोल दाबून क्लिक करायचं आणि लोगोवर फिरवायचं. पण मरून रंग पुन्हा आत ओढला जायचा. हील टूल आजूबाजूच्या रंगाशी जुळवून घेतं आणि तिथे आजूबाजूला छापच असतो, म्हणून असं होतं. क्लोन टूल नमुना जसाच्या तसा उमटवतं, त्याने रंग बिघडत नव्हता, पण धागे तुटायचे. लांबून पाहिलं तर पिशवीला ठिगळ लावल्यासारखं दिसायचं.

मग एकदा Filters > Enhance > Wavelet-decompose चालवून पाहिलं आणि कामाची रीतच बदलली. हा फिल्टर फोटोचे थर वेगळे करतो. Scale 1 मध्ये सगळ्यात बारीक तपशील, Scale 5 पर्यंत तो ढोबळ होत जातो, आणि उरलेला रंग व उजेड Residual मध्ये जातो. बाकीचे थर बंद करून फक्त Scale 2 चालू ठेवला, तर करड्या पडद्यावर लोगोच्या अक्षरांच्या आतूनसुद्धा उभे-आडवे धागे सरळ गेलेले दिसले! स्क्रीन प्रिंटची शाई पातळ असेल तर ती विणीच्या उंचसखलपणावरच बसते. म्हणजे कापड नव्याने बनवायचं नव्हतंच, ते तिथेच होतं. फक्त शाईचा रंग काढायचा होता.

आता मी असं करते. आधी Residual थर. इथे धागा नसतो, म्हणून क्लोन टूलचा मोठा, मऊ कडेचा ब्रश चालतो. पिशवीवर उजेड डावीकडून पडला असेल तर नमुना शेजारून न घेता वरून किंवा खालून घ्यायचा, कारण त्या उभ्या पट्ट्यात उजेड सारखा असतो. शाईचा रंग या थरात छापाच्या बराच बाहेर पसरलेला असतो, हे मला उशिरा कळलं. नेमक्या कडेपर्यंतच पुसलं तर भोवती गुलाबी वलय राहतं. मी चारी बाजूंनी ४० पिक्सेल जास्त घेते. Scale 5 आणि 4 मध्येही क्लोनच, फक्त ब्रश थोडा लहान.

खरं कौशल्य Scale 3 ते 1 मध्ये लागतं. इथे फक्त अक्षरांच्या कडांची रेघ क्लोनने पुसायची, आतला भाग हलवायचा नाही. आमच्या फोटोत एक धागा साधारण ९ पिक्सेलचा आहे. साधी वीण दर दोन धाग्यांनी परत येते, म्हणून नमुना आणि जागा यांत १८ किंवा त्याच्या पटीतलंच अंतर हवं. मोजत बसायची गरज नाही. आडवा धागा उभ्या धाग्यावरून जातो अशा एका गाठीवर कंट्रोल-क्लिक करायचं आणि त्याच आडव्या धाग्यावरच्या तशाच दुसऱ्या गाठीपासून ब्रश सुरू करायचा. टूलच्या पर्यायांत Alignment हे Aligned वर ठेवलं की तेच अंतर पुढेही टिकतं. ब्रशची कड इथे कडक हवी. मऊ कडेने दोन विणी एकमेकींत मिसळतात आणि कापड पुसट होतं.

छापाखालचे धागे कधी कधी फिके वाटतात, कारण गडद शाईत उजेड-सावलीचा फरक कमी पडतो. तेवढाच भाग निवडून त्या थराचा कॉन्ट्रास्ट वाढवायचा, शेजारच्या धाग्यांशी जुळला की थांबायचं.

तपासायची माझी पद्धत : थर एकत्र करून कर्व्ह्जने कॉन्ट्रास्ट मुद्दाम भडक करते, फोटो आडवा उलटवते आणि मग बघते. राहिलेलं वलय आणि पुन्हा पुन्हा आलेली एकच गाठ लगेच सापडते. मग दोन्ही बदल मागे घ्यायचे. आता एका फोटोला साधारण चाळीस मिनिटं लागतात.

पिशवीला घडी पडून लोगो वाकला असेल तर वेळ दुप्पट होतो. तिथे कापडाचा तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन वॉर्प ट्रान्सफॉर्मने धाग्यांचा बाक घडीशी जुळवावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत मात्र ही पद्धत चालत नाही. त्यात धागाच उरलेला नसतो, जेपेगचे चौकोन तेवढे दिसतात. जाड रबरी छापाखालीही वीण दिसत नाही, तिथे सगळं क्लोन करावं लागतं. भरतकामाचा लोगो असलेल्या पाच पिशव्या तर मी सोडूनच दिल्या. टाक्यांनी कापड भोवताली आवळलेलं असतं आणि लोगो गेला तरी त्या सुरकुत्या राहतात. त्यांच्यासाठी नवं कापड शिवून फोटो काढले.