टन-किलोमीटर: ॲब्सोल्यूट की कमर्शियल?

एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. मालवाहतुकीचा खर्च त्यावर वाटून दर काढतात, पण ते मोजायच्या पद्धती दोन. समजा, ट्रक पुण्याहून 10 टन माल घेऊन निघाला. साताऱ्यात, 110 किमीवर, 6 टन उतरवला. उरलेला 4 टन पुढे 120 किमी कोल्हापूरला पोचवून 230 किमी रिकामा परतला. डिझेल, टोल, ड्रायव्हर, टायर, हप्ता धरून फेरीचा खर्च 15,800 रुपये समजू.

ॲब्सोल्यूट पद्धतीत प्रत्येक टप्प्याचं वजन त्याच टप्प्याच्या अंतराने गुणायचं: 1,100 + 480 + 0 = 1,580 टन-किमी. दर 10 रुपये.

कमर्शियल पद्धतीत सरासरी वजन गुणिले एकूण अंतर. (10+4+0)÷3 म्हणजे 4.67 टन, गुणिले 460, साधारण 2,147. दर 7.36 रुपये. स्वस्त दिसतो, पण प्रत्यक्ष वाहतूक 1,580 टन-किमीचीच झालीय. या दराने बिलं केली तर वसुली जेमतेम 11,630.

गोम सरासरीत आहे. 230 किमीचा रिकामा परतीचा प्रवास तिथे एकच टप्पा मोजला जातो. तोच साताऱ्यात तोडून दोन टप्पे धरले, तर सरासरी 3.5 टन आणि दर 9.81! ट्रक तोच, खर्च तोच.

टप्पे सारख्या लांबीचे असतील तर दोन्ही उत्तरं जुळतात. तिथे कमर्शियल चालेल. एरवी भाडं ठरवताना मी ॲब्सोल्यूटच धरेन, फक्त प्रत्येक थांब्यावरचं वजन लॉगशीटवर हवं.