क्रीम क्लेन्झर चांगलाच आहे; स्टिअरिक ॲसिड कशाचे, हे मात्र विचारून घ्यावे लागले

या क्लेन्झरचा पोत, वास आणि पीएच यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, त्यामुळे त्याची उजळणी करत नाही. कित्येक महिने रोज रात्री वापरल्यावर एवढे सांगते की धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी होत नाही, सनस्क्रीन नीट निघते आणि संपत आलेली नळी मधोमध कापली तर आत आणखी बऱ्याच दिवसांचा माल सापडतो. माझा आक्षेप वेगळाच होता. नव्या नळीवर पुढे ‘क्रुएल्टी-फ्री’ असे ठळक छापलेले होते, पण मागच्या घटकयादीत ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड आणि स्क्वालेन ही नावे असूनही ‘व्हीगन’ असा उल्लेख कुठेच नव्हता.

पहिला दावा प्राण्यांवर चाचणी न करण्याविषयीचा असतो. घटक प्राण्यांपासून आलेले नाहीत, याची हमी त्यातून मिळत नाही. घटकयादी वाचूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण तिथे पदार्थाचे नाव असते, त्याचे मूळ नसते. स्टिअरिक ॲसिड पाम तेलापासून काढतात, तसेच जनावरांच्या चरबीपासूनही काढतात, आणि दोन्हींचा रेणू तोच असल्याने बोटांवर चोळून किंवा वास घेऊन काहीही कळत नाही. ग्लिसरीनचेही तसेच आहे. स्क्वालेन ऑलिव्हपासून किंवा उसाची साखर आंबवून मिळवता येते, आणि शार्कच्या यकृतातील तेलापासूनही.

म्हणून कंपनीला एका ओळीचा ईमेल पाठवला: हे उत्पादन व्हीगन आहे का? उत्तर तत्परतेने आले. ‘आम्ही प्राण्यांवर चाचण्या करत नाही आणि शक्यतो वनस्पतिजन्य घटकच वापरतो.’ चाचणीविषयी मी विचारलेच नव्हते, आणि ‘शक्यतो’ म्हटल्यावर शक्य नसेल तेव्हा काय वापरता, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. त्या दिवशी मी या क्लेन्झरला दोनच तारे देणार होते.

दुसरा ईमेल मग अशा भाषेत लिहिला की गोलमोल उत्तर देणे अवघड जावे. त्यातील मुख्य भाग असा:

‘महोदय/महोदया, नळीच्या शेवटी छापलेला बॅच क्रमांक सोबतच्या छायाचित्रात आहे. या बॅचमधील ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरिल स्टिअरेट आणि स्क्वालेन या चार घटकांपैकी प्रत्येकाचे मूळ वनस्पतिजन्य, प्राणिजन्य की कृत्रिम, हे कृपया स्वतंत्रपणे कळवावे. पुरवठादारांकडून तसे लेखी घोषणापत्र आपण घेता का? एखाद्या घटकाचे पुरवठादार एकाहून अधिक असल्यास हे उत्तर त्या सर्वांना लागू आहे का? पामपासून आलेल्या घटकांसाठी शाश्वत पाम तेलाचे आरएसपीओ प्रमाणपत्र असल्यास ते कोणत्या पद्धतीचे आहे, हेही कळवावे.’

बॅच क्रमांक मुद्दाम दिला, कारण पुरवठादार बदलला तरी घटकयादीतले नाव तेच राहते आणि जुन्या मालाविषयीचे उत्तर नव्या नळीला लागू पडेलच असे नाही. या वेळी उत्तराला वेळ लागला, पण ते ग्राहकसेवेच्या ठरावीक मजकुरातले नव्हते. ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड आणि त्या दोहोंपासून बनणारे ग्लिसरिल स्टिअरेट हे तिन्ही पामजन्य असून प्रत्येक पुरवठादाराचे घोषणापत्र आपल्याकडे आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. इथे माझे मत बदलले. एवढे नेमके उत्तर मिळेल असे पहिल्या पत्रावरून वाटले नव्हते.

पामचे प्रमाणपत्र ‘मास बॅलन्स’ पद्धतीचे आहे, हेही त्यांनी लपवले नाही. या पद्धतीत प्रमाणित आणि अप्रमाणित तेल वाटेत एकत्र मिसळते. हिशेब फक्त प्रमाणाचा ठेवला जातो, म्हणजे जेवढे प्रमाणित तेल साखळीत आले तेवढ्याच मालावर तसा दावा करता येतो. त्यामुळे माझ्या नळीतले स्टिअरिक ॲसिड प्रमाणित मळ्यातलेच आहे, असे कुणालाही सांगता येणार नाही. प्रमाणित तेल वेगळे ठेवणारी ‘सेग्रिगेटेड’ पद्धत याहून कडक असते. व्हीगन असण्याशी याचा थेट संबंध नाही, पण कच्चा माल कुठून येतो हे विचारायचे तर ते अर्धवट कशाला विचारायचे?

स्क्वालेनपुढे मात्र नुसते ‘वनस्पतिजन्य’ एवढेच लिहिलेले आहे. ऑलिव्हचे की उसाचे, याचा खुलासा नाही आणि घोषणापत्राचा उल्लेखही नाही. तेवढ्या एका ओळीसाठी तिसरा ईमेल पाठवला आहे. तूर्त चार तारे देते. मोठी नळी हिशेबाने स्वस्त पडते, तरी ते उत्तर येईपर्यंत लहानच घेणार आहे.